अंपायर नाही, मग फाउल कोण देणार? कॉलेजात अल्टिमेट फ्रिस्बी सुरू करणाऱ्यांसाठी

गल्ली क्रिकेटमध्ये अंपायर बॅटिंग करणाऱ्या टीमचा असतो. त्यामुळं तिथं एलबीडब्ल्यू नसतोच आणि रनआउट झाला की अर्धा तास भांडण. अशा वातावरणात वाढलेल्या पोरांना मी परभणीत पहिल्यांदा सांगितलं की ह्या खेळात अंपायरच नाही, फाउल झाला तर ज्याला लागलं त्यानंच सांगायचं. तेव्हा मागून आवाज आला, "मग तर मजाच आहे की!" पुढचे दोन महिने ती मजा आम्ही भोगली.

मी हा खेळ पुण्यात नोकरीला असताना शिकलो आणि गावी परतल्यावर कॉलेजच्या पोरापोरींना शिकवायला लागलो. डिस्क फेकायला आठवड्याभरात जमतं. अडतं ते स्वतःच पंच होण्यात. म्हणून फेकण्याबद्दल इथं थोडकंच लिहितो, भर निकाल कसा लावायचा ह्यावर आहे.

१. आधी लागणारं सामान आणि कागद

डिस्क १७५ ग्रॅमचीच घ्या. खेळण्यांच्या दुकानातली रंगीत, हलकी फ्रिस्बी आणू नका. आपल्याकडं दुपारनंतर वारा सुटला की ती पतंगासारखी कुठंही जाते आणि नवीन पोराला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. दोन डिस्क असल्या की पंधरा-वीस जणांचा सराव भागतो.

बाकी यादी छोटी आहे:

- मैदान वापरायच्या परवानगीचा प्राचार्यांच्या नावे अर्ज, त्यावर क्रीडा शिक्षकांची शिफारस. अर्जात वेळ स्पष्ट लिहा, नाहीतर क्रिकेटवाल्यांशी रोज वाद.
- खेळणाऱ्यांची यादी, ओळखपत्राची झेरॉक्स, घरच्यांचा फोन नंबर.
- आठ कोन किंवा विटा आणि रेषा मारायला फक्की.
- दोन रंगांचे टी-शर्ट, प्रथमोपचाराची पेटी, पाणी.
- नियमांची छापील प्रत. जागतिक संघटनेचे नियम wfdf.sport वर मिळतात.

शिट्टी आणू नका. शिट्टी असली की कुणीतरी ती वाजवतं आणि वाजवणारा आपोआप पंच होतो.

पूर्ण मैदान १०० मीटर लांब, ३७ मीटर रुंद असतं आणि दोन्ही टोकांना १८-१८ मीटरचे एंड झोन. एवढी सपाट जागा आमच्याकडं नव्हती. मधे क्रिकेटची सिमेंटची पट्टी, तिच्यावर धावताना पाय सटकला तर गुडघा गेलाच. म्हणून पट्टीच्या एका बाजूला साधारण ६० बाय २५ मीटरची जागा आखली आणि सातऐवजी पाच-पाच जण खेळलो. पावसाळ्यानंतर मैदानात सराटे उगवतात, ते आधी वेचा. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, तेव्हा झेप घेऊन डिस्क धरायचा मोह टाळा. सराव सकाळी सहाला.

२. खेळ, थोडक्यात

दोन्ही टीम आपापल्या एंड झोनच्या रेषेवर उभ्या राहतात. एक टीम डिस्क लांब फेकून सुरुवात करते, त्याला पुल म्हणतात. डिस्क हातात असलेल्यानं पळायचं नाही, एक पाय रोवून दुसरा फिरवायचा आणि सोबत्याकडं फेकायची. त्याला राखणारा समोरच्या टीमचा खेळाडू, म्हणजे मार्कर, मोठ्यानं "स्टॉलिंग, वन, टू..." मोजतो. "टेन"चा उच्चार सुरू होण्याआधी डिस्क हातातून सुटली नाही तर ती दुसऱ्या टीमची. डिस्क खाली पडली, बाहेर गेली किंवा समोरच्यानं अडवली तरी तसंच. एंड झोनमध्ये सोबत्यानं धरली की एक गुण. पूर्ण सामना १५ गुणांचा असतो, सरावात आम्ही सातावर थांबतो.

अंगाला अंग लावून अडवणं ह्या खेळात नाही. कबड्डी खेळून आलेल्या पोरांना हे सवयीचं व्हायला सगळ्यात जास्त दिवस लागतात.

३. कोण काय म्हणू शकतो

थांबवायची वेळ आली की जो शब्द उच्चारतात त्याला कॉल म्हणतात. सुरुवातीला तीनच पाठ करा.

फाउल म्हणजे समोरच्या खेळाडूच्या धक्क्यानं खेळात फरक पडला. साधं खांद्याला खांदा घासणं फाउल होत नाही. आणि हा कॉल ज्याला धक्का लागला तोच देतो. दहा मीटरवरून सोबती ओरडला, "अरे फाउल आहे, बोल की!" तर त्या ओरडण्याला काही किंमत नाही.

ट्रॅव्हल म्हणजे रोवलेला पाय हलला, किंवा धरल्यावर थांबायला हवं होतं त्यापेक्षा जास्त पावलं टाकली. हा समोरच्या टीममधला कुणीही देऊ शकतो.

पिक जरा नीट समजून घ्या. तुम्ही एखाद्याला राखताय, त्याच्यापासून तीन मीटरच्या आत आहात, त्याच्या हालचालीप्रमाणं पळताय, आणि मधेच तिसरा कुणी आडवा आल्यानं तुम्ही अडलात. तेव्हा "पिक" म्हणायचं. तीन मीटरहून लांब होतात तर पिक नाही, तुम्ही मागं पडला होतात एवढंच. आमच्याकडं पहिल्या महिन्यात दर दुसऱ्या मिनिटाला पिक व्हायचं. मग एकानं तीन मीटरची सुतळी आणली आणि प्रत्येक पिकनंतर ती जमिनीवर टाकून बघायला लागला. आठ दिवसांत पिक कमी झाले.

कॉल लगेच आणि मोठ्यानं द्यायचा. डिस्क कुणी धरली हे बघून, मग विचार करून दिलेला कॉल हा कॉल नव्हे. तो हरलेल्या डावाचा हिशोब झाला. आणि कॉल झाला तेव्हा डिस्क हवेत असेल तर ती कुणी धरेपर्यंत किंवा जमिनीवर पडेपर्यंत खेळत राहा. ह्यात नवी पोरं हमखास फसतात. "फाउल" ऐकलं की जागेवर थांबतात आणि हातात येणारी डिस्क सोडून देतात.

४. एक फाउल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आमच्या मैदानावर झालेला एक प्रसंग सांगतो. नावं घेत नाही, गावांवरून ओळखू या. गुण ६-६. पांढऱ्या टीमच्या गंगाखेडच्या मुलाकडं डिस्क. मार्करनं "सिक्स" म्हटलं आणि त्याच क्षणी त्यानं एंड झोनमध्ये लांब फेकली. सेलूची मुलगी धावत गेली, तिला राखणारा पाथरीचा मुलगाही. दोघांनी उडी मारली, डिस्क खाली पडली. सेलूकर ओरडली, "फाउल!"

पहिलं काम, सगळे जिथं होते तिथं थांबतात. कुणी जवळ जमायचं नाही. गर्दी झाली की बोलणं दोघांचं राहत नाही, दोन टीमचं होतं.

दुसरं, सेलूकर काय घडलं ते सांगते. तू असा, तू तसा असं नाही, घडलं तेवढंच. ती म्हणाली, "डिस्क माझ्यापर्यंत यायच्या आधी तुझा हात माझ्या मनगटावर बसला. म्हणून धरता आली नाही."

तिसरं, पाथरीकरानं आपली बाजू सांगायची. तो म्हणाला, "मी डिस्कला आधी हात लावला. ती खाली पडायला लागल्यावर हात तुझ्या मनगटाला लागला."

आता इथं कोण खरं, हे ठरवायचं नाही. पाथरीकराला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे: फाउल मान्य की अमान्य? अमान्य करण्याला मैदानावर "कॉन्टेस्ट" म्हणतात.

मान्य असेल तर डिस्क सेलूकरची. पण गुण मिळत नाही! इथं नवे लोक चिडतात. ती एंड झोनमध्ये होती, तरी डिस्क एंड झोनच्या पुढच्या रेषेवर, म्हणजे गोल लाइनवर, आणून तिथून खेळ सुरू होतो आणि मोजणी एकपासून. तिथून एक छोटा पास दिला की गुण होतोच म्हणा.

अमान्य असेल, म्हणजे कॉन्टेस्ट झाला, तर डिस्क परत गंगाखेडकराकडं. जणू तो पास झालाच नाही. सगळे आपापल्या जुन्या जागी जातात. शेवटचा उच्चारलेला आकडा सहा होता, पण अशा वेळी मोजणी जास्तीत जास्त सहापासून सुरू होते, म्हणून मार्कर सहापासून मोजतो. मोजणी आधीच नऊपर्यंत गेली असती तरी सहापासूनच. मग मार्कर डिस्कला हात लावतो आणि खेळ सुरू.

तिसरी वाटही आहे. पाथरीकराचं ऐकून सेलूकरला वाटलं की हात खरंच नंतर लागला, तर ती कॉल मागं घेऊ शकते. मग डिस्क पडली तीच खरी, आणि ती पाथरीकराच्या टीमकडं जाते.

त्या दिवशी पाथरीकरानं कॉन्टेस्ट केलं. डिस्क मागं गेली, सहापासून मोजणी, आणि गंगाखेडकरानं घाईत फेकलेली डिस्क थेट बाहेर. डिस्क पाथरीकराच्या टीमकडं गेली, त्यांनी गुण केला आणि ६-६ चे ६-७ झाले. सेलूकर दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आली, म्हणाली, "दादा, त्यानं खोटं सांगितलं तर?"

ह्या प्रश्नाचं उत्तर नियमांच्या पहिल्याच भागात आहे. कुणी मुद्दाम नियम मोडणार नाही असं हा खेळ धरून चालतो, म्हणून इथं शिक्षा नाहीत, पिवळं-लाल कार्ड नाही. कॉलचा उद्देश एवढाच, की नियम मोडला गेला नसता तर जे बहुधा घडलं असतं, त्याच्या जवळ खेळ परत आणणं. दोघांना वेगवेगळं दिसलं तर काय घडलं असतं ते ठरवता येत नाही, म्हणून शेवटचा वाद नसलेला क्षण शोधायचा आणि तिथून पुन्हा खेळायचं. गल्लीत वाद मिटत नाही तेव्हा आपण "जाऊ दे, परत टाक" म्हणतोच की. इथं तेच नियमात लिहिलंय.

पाथरीकर खोटं बोलला की त्याला खरंच तसं दिसलं, ते मला माहीत नाही. उडी मारलेल्या दोन माणसांना एकच गोष्ट वेगळी दिसणं फार साधं आहे. पण खोटं बोलून त्याला मिळालं काय? गुण नाही, डिस्कही नाही. मिळाला तो फक्त तोच पास पुन्हा अडवायचा प्रयत्न. रोज खोटं कॉन्टेस्ट करणारा चार दिवसांत ओळखू येतो, आणि त्याची दवा सहाव्या पायरीत आहे.

५. आपल्याकडं हे कुठं बिघडतं

नियमांची प्रत वाचून हे कळणार नाही, कारण ती आपल्यासाठी लिहिलेली नाही.

पहिला घोळ दादा-ताईचा. आमच्याकडं पहिल्या वर्षाचा पोरगा तिसऱ्या वर्षाच्या दादाचा कॉल कॉन्टेस्ट करत नाही. दादा म्हणाले फाउल, म्हणजे फाउल. मीसुद्धा ह्यात होतो. एका सरावात मी ट्रॅव्हल दिला आणि समोरच्यानं मुकाट्यानं डिस्क परत नेली. नंतर त्याच्याच मित्राकडून कळलं की त्याचा पाय हललाच नव्हता, तो फक्त "सर्वांसमोर दादांना कसं म्हणायचं" म्हणून गप्प बसला. म्हणजे तिथं पंच होता, आणि तो मी होतो. त्यानंतर आम्ही एक पद्धत पाडली. सरावाची पहिली दहा मिनिटं प्रत्येक कॉल कॉन्टेस्ट करायचाच, चूक असो की बरोबर. ज्युनिअरनं सीनिअरकडं बघून "कॉन्टेस्ट" म्हणायचं. पहिल्या दिवशी सगळे हसले. जीभ मात्र सैल झाली. मैदानात दादा, ताई न म्हणता नावानं हाक मारायची, हेही तेव्हाच ठरलं. मला नावानं हाक मारताना काही जण अजून अडखळतात.

दुसरा घोळ उलटा, तो "जाऊ दे"चा. मुली धक्का खातात आणि कॉल देत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "एवढ्या-तेवढ्यावरून काय बोलायचं?" मिश्र टीममध्ये ह्याचा परिणाम असा होतो, की धक्का देणाऱ्याला आपण धक्का देतो हेच कळत नाही. तो दुसऱ्या कॉलेजात जाऊन तसंच खेळतो आणि तिथं सगळे त्याला दांडगट म्हणतात. कॉल न देणं हा मोठेपणा समजू नका. खेळ थांबवायचा नसेल तर निदान पॉइंट झाल्यावर जाऊन सांगा: "मघाशी तुझं कोपर लागलं होतं."

तिसरा घोळ कडेला उभ्या असलेल्या सरांचा. वाद झाला की वीस डोळे सरांकडं वळतात, आणि सरही सवयीनं निकाल देऊन टाकतात. नियम काय आहे हे सरांना विचारायला हरकत नाही, त्यांना काय दिसलं हेही विचारता येतं. पण निकाल मैदानातल्या खेळाडूंनीच द्यायचा. आम्ही क्रीडा शिक्षकांना नियमांची प्रत दिली आणि विनंती केली, "सर, आम्ही विचारलं तर कोणतं पान ते सांगा." त्यांना ते आवडलं. आता ते पान उघडून तयारच असतात.

रेषेचा वादही असाच सोडवायचा. डिस्क धरली तेव्हा पाय आत होता की बाहेर, हे ज्याला सगळ्यात चांगलं दिसलं त्याचं धरायचं, मग तो कुठल्याही टीमचा असो. आपल्याच टीमच्या विरुद्ध "नाही, बाहेर होता" म्हणणारा पोरगा पहिल्यांदा दिसला त्या दिवशी त्याच्या टीमनं त्याला शिव्या दिल्या. नियम मात्र त्याच्या बाजूनं आहे. आपला सोबती चुकीचा कॉल देतोय असं दिसलं तर त्याला सांगणं हेही खेळाडूचंच काम.

६. सामना संपल्यावर

दोन्ही टीम गोल करून उभ्या राहतात, एक आपला, एक त्यांचा अशा क्रमानं. ह्याला स्पिरिट सर्कल म्हणतात. बाहेर खांद्यावर हात टाकून उभं राहायची रीत आहे. आमच्याकडं मुलं-मुली तसं उभं राहायला अवघडल्या, तर आम्ही हात मागं बांधून गोल केला. काही बिघडलं नाही. दोन्ही बाजूंनी एकेक जण बोलतो: काय आवडलं, कुठल्या कॉलवर गोंधळ झाला. सामना चालू असताना वातावरण तापलं तर हेच मधेच करता येतं, त्याला स्पिरिट टाइमआउट म्हणतात. प्रत्येक टीमनं एक स्पिरिट कॅप्टन नेमावा. तो सगळ्यात चांगला खेळणारा नको, थंड डोक्याचा हवा.

मग समोरच्या टीमला गुण द्यायचे. पाच बाबी, प्रत्येकीला ० ते ४:

- नियम माहीत आहेत का आणि वापरले का
- फाउल आणि अंगाला अंग लागणं
- निःपक्षपणा
- वागणूक आणि स्वतःवर ताबा
- बोलणं-समजावणं

ह्यातला २ म्हणजे नेहमीसारखा चांगला सामना. म्हणून साधा, नीट झालेला सामना दहाचा असतो. आपल्याकडं मार्क म्हटलं की डिस्टिंक्शन आठवतं. पहिल्या सामन्यात आम्ही समोरच्यांना वीसपैकी वीस दिले आणि त्यांनी आम्हाला वीस. पाहुणचार झाला, पण कुणाला काही कळलं नाही. ४ किंवा ० द्यायचा असेल तर शेजारी एक ओळ लिहा, नेमका कुठला प्रसंग. आणि आकडे टीमनं बसून ठरवा, कॅप्टननं एकट्यानं नाही. हरलेल्या टीमचा कॅप्टन एकटा बसला की समोरच्याची वागणूक अचानक वाईट होते.

खोटं कॉन्टेस्ट करणाऱ्याची दवा हीच. निःपक्षपणात १ पडला आणि शेजारी "तिसऱ्या पॉइंटला रेषेवरचा कॉल" असं लिहून आलं, की त्या टीमला कुणाशी बोलायचं ते बरोबर कळतं.

आमच्या दुसऱ्या सामन्याचा कागद अजून माझ्या बॅगेत आहे. एकूण नऊ. नियमांच्या पुढं १ आणि निळ्या पेनानं एक ओळ: "फाउल मान्य झाल्यावर तुम्ही एंड झोनमधला गुण मागत होता." सेलूकरनं तो वाचला, प्रत उघडली आणि चौथ्या पायरीतला गोल लाइनचा नियम टीमला मोठ्यानं वाचून दाखवला. त्या दिवशी गुण मागणारी तीच होती.